‘पुन्हा लिहून आण’ म्हणण्याआधी



शिंप्याकडे ब्लाऊज परत नेताना आपण काय बोलतो ते आठवा. ‘हा बरा झाला नाही, परत शिवा’ असं म्हणणारी बाई मी तरी अजून पाहिली नाही. आपण ब्लाऊज उलटा करून त्याच्या समोर धरतो आणि म्हणतो, ‘गळा असाच राहू दे, हात लावू नका. काखेत अर्धा इंच सैल करा. आणि ही मागची लेस काढूनच टाका.’ कारण आपल्याला पक्कं ठाऊक असतं, नुसतं ‘परत शिवा’ म्हटलं तर काखेबरोबर तो गळाही बदलेल आणि जे छान जमलं होतं तेच हातचं जाईल.

कापडाच्या बाबतीत एवढी शहाणी असलेली मी, घरातल्या मुलीच्या भाषणाच्या बाबतीत मात्र नेमकी उलट वागले. त्याची ही गोष्ट. आणि गोष्टीबरोबर माझं मतही सांगणार आहे, कारण मला वाटतं आपल्यापैकी बऱ्याच जणी आपल्या मुलांशी, सुनांशी, मंडळात नव्याने लिहू-बोलू लागलेल्या मुलींशी हेच करतो.

माझी पुतणी नववीत आहे. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी तिने विषय निवडला ‘गाळलेलं पाणी’. वेळ पाच मिनिटं. विषय तिने स्वतः शोधला होता, आमच्या थोरल्या सासूबाईंकडून म्हणजे तिच्या आजीकडून जुन्या गोष्टी ऐकून. दोन संध्याकाळी बसून तिने वहीची चार पानं भरली आणि माझ्याकडे घेऊन आली. मी कुकरची शिट्टी मोजत मोजत वाचलं आणि म्हटलं, ‘छान आहे गं. पण अजून चांगलं होईल. परत एकदा लिहून बघ.’

ती गेली, परत लिहून आली. या वेळी ‘जल हेच जीवन, जल हेच अमृत’ अशी सुरुवात, मध्ये दोन कविता केल्यासारखी वाक्यं, शेवटी ‘चला तर मग’ वगैरे. मला काहीतरी खटकलं, पण काय ते न शोधताच मी पुन्हा तेच म्हटलं. ‘अजून थोडं हवंय.’ तिसऱ्यांदा ती आली तेव्हा भाषण नऊ मिनिटांचं झालं होतं आणि त्यात तिची आजी कुठेच नव्हती. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, ‘काकू, मी नाव मागे घेते. मला नाही जमत.’

तेव्हा मला लागलं. कारण पहिल्या लिखाणात आजीचा जो भाग होता, तो मला फार आवडला होता. विहिरीवर घागर, घागरीच्या तोंडावर दुहेरी फडकं, पाणी गाळून झालं की फडकं उलटं करून त्यावर गाळलेलं पाणी ओतायचं आणि जे निघेल ते त्याच विहिरीत अलगद सोडायचं. आजीचं वाक्य तिने जसंच्या तसं उतरवलं होतं, ‘विहिरीचं ते विहिरीला.’ आपल्या घरांत जिवाणी हा शब्द सगळ्यांच्या कानावरून गेलेला आहे, पण तेराचौदा वर्षांच्या मुलीने ते असं डोळ्यांसमोर उभं केलेलं मी प्रथमच वाचलं होतं. मनात म्हटलंही होतं, वा. पण बोलले नव्हते.

इथेच सगळी मेख आहे. मी ‘परत लिही’ म्हटलं तेव्हा तिने त्याचा अर्थ काय घेतला असेल? जे आवडलं ते मी सांगितलं नाही, म्हणजे ते आवडलं नाही, असाच ना? ती काही माझ्या मनात शिरू शकत नव्हती. तिच्या समोर चार पानं होती आणि त्यातलं नेमकं काय कमी पडतंय याचा तिला पत्ता नव्हता. मग तिने सगळ्यांना जे आवडतं असं तिला वाटतं ते घातलं, म्हणजे अलंकारिक वाक्यं आणि उद्गारचिन्हं. आणि आजीची गोष्ट साधी होती, म्हणून ती सगळ्यात आधी गेली. लिहिणाऱ्याला आपल्या लिखाणातलं सगळ्यात साधं तेच सगळ्यात कच्चं वाटतं, हे मी स्वतः लिहिताना अनुभवलेलं आहे. तरी मला सुचलं नाही.

शिवाय खरं सांगायचं तर ‘अजून चांगलं कर’ हे वाचणाऱ्याच्या आळसाचं वाक्य आहे. नेमकं काय बदलायचं हे शोधायला मला दहा मिनिटं बसावं लागलं असतं. ती दहा मिनिटं मी वाचवली आणि तिच्या दोन संध्याकाळी घालवल्या, तेही दोनदा.

मी तिला म्हटलं, ‘पहिलं लिहिलेलं आहे का?’ नशीब, तिने पानं फाडली नव्हती. (म्हणून माझी एक विनंती, मुलांना पहिला कागद फेकू देऊ नका. दुसरं चांगलं झालं तरी नको.) रात्री सगळं आवरल्यावर मी पेन्सिल घेऊन बसले आणि पहिल्या मसुद्यातल्या मुद्द्यांना समासात आकडे घातले. पाच मुद्दे निघाले. एक, पाणी म्हणजे जीवन. दोन, आजी आणि विहीर. तीन, कुण्या शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली पाण्याच्या एका थेंबात इतके हजार जीव मोजले, तो पुढे पाठवला जाणारा प्रसिद्ध निरोप. चार, पाणी गाळलं की कॉलरा, टायफॉइड, कावीळ होत नाही. पाच, आजची पाणी शुद्ध करणारी यंत्रं, आणि पाणी वाचवा.

आकडे घातल्यावर बोलणं किती सोपं होतं बघा. आकड्यांशिवाय आपण ‘ते मधलं’, ‘ते शेवटाकडचं’ असं म्हणत राहतो आणि समोरचीला वाटतं आपण भलत्याच ओळीबद्दल बोलतोय. मी एका कागदावर लिहिलं, ‘दोन ठेव. त्यातला शब्दही बदलू नकोस. तीन काढ. चार ठेव, पण दुरुस्त कर. एक दोन ओळींत आण. पाचबद्दल नंतर बघू.’

आणि प्रत्येकापुढे कारण. ही कारणं मला फार महत्त्वाची वाटतात, म्हणून सविस्तर सांगते.

दोन का ठेवायचा? कारण त्यातलं सगळं तिने स्वतः ऐकलेलं आणि पाहिलेलं आहे आणि ते दुसरं कुणी बोलणार नाही. हे कारण कळल्यावर तिला पहिल्या मुद्द्याचंही आपोआप कळलं. ‘पाणी म्हणजे जीवन’ हे तर स्पर्धेतली प्रत्येक मुलगी म्हणणार. म्हणजे ठेवायच्या गोष्टीचं कारण सांगितलं की काढायची गोष्ट ती स्वतः ओळखू लागते. नुसतं ‘छान’ म्हटल्याने हे होत नाही.

तीन का काढायचा? इथे मला जरा जपून लिहावं लागलं, कारण तो आकडा तिला फार आवडला होता. आणि आपल्यालाही तो आवडतोच, कितीतरी प्रवचनांत, कितीतरी निरोपांत आपण ऐकलेला आहे. पण मी तिला विचारलं, कुठल्या पाण्याचा थेंब? तळ्याचा, विहिरीचा, नळाचा? पाणी बदललं की थेंबात काय सापडतं तेही बदलतं, मग सगळ्या जगाच्या पाण्याला एकच आकडा कसा लागू होईल? परीक्षकांपैकी कुणी विज्ञान शिकवत असेल आणि त्यांनी विचारलं, ‘हे कुठे वाचलंस?’ तर तू काय सांगशील? आपल्याला जे दाखवता येत नाही, ते एकच वाक्य बाकीच्या चार खऱ्या वाक्यांवर शंका आणतं. तेव्हा ‘काढ’ म्हणताना कारण होतं ‘तू हे सिद्ध करू शकत नाहीस’. ‘मला आवडलं नाही’ हे कारण नव्हतं. दोन्हींत फरक आहे. पहिल्या कारणावर ती वाद घालू शकते, पुरावा आणू शकते. दुसऱ्यावर फक्त मान खाली घालू शकते.

चार दुरुस्त का? कारण त्यात खरं आणि खोटं एकत्र मिसळलेलं होतं. फडक्यातून टायफॉइडचे जंतू आरामात पार होतात, काविळीचे विषाणू तर त्याहून लहान. ‘गाळलं की टायफॉइड होत नाही’ हे ऐकून कुणी उकळायचं सोडलं तर? असं वाक्य मुलीच्या तोंडी घालायचं नाही.

दुसऱ्या दिवशी ती जे लिहून आली ते वाचताना मी आधी एकच गोष्ट तपासली, दोन नंबरचा भाग जसाच्या तसा आहे की नाही. होता. तीन गेला होता. एक दोन ओळींचा झाला होता. म्हणजे सांगितलेलं पोचलं होतं. ही तपासणी करायचीच असते, कारण सांगितलं एक आणि बदललं तिसरंच, असं झालं असेल तर आपलं सांगणंच गोंधळाचं होतं असं समजावं आणि आधी ते नीट करावं.

पण एक गंमत झाली होती, जी माझ्या लक्षात आली नव्हती. तीन काढल्यावर चार लंगडा पडला. कारण चारची सुरुवात होती, ‘हेच सूक्ष्म जीव पोटात गेले की’. हेच म्हणजे कोणते? ते तर तिसऱ्या मुद्द्यात होते, आणि तो मीच काढायला सांगितला होता! आजी विहिरीत पाणी सोडते आणि एकदम कॉलरा, असा धक्का बसत होता ऐकताना. स्वेटरची एक ओळ उसवली की वरची ओळ मोकळी होते तसं. तेव्हापासून मी कुणाला ‘हे काढ’ म्हणण्याआधी एकदा पाहते, पुढचं काय यावर टेकलंय. जे टेकलं असेल त्याचीही सोय त्याच वेळी सांगावी लागते.

म्हणून दुसऱ्या फेरीत माझं सांगणं एवढंच होतं, ‘दोन आणि चारच्या मध्ये एक जोड हवी. फडकं नेमकं काय अडवतं, ते सांग. आकडा नको, अडवलेली वस्तू दाखव. बाकी कुठेही हात लावू नकोस.’

आणि मैत्रिणींनो, इतका नेमका प्रश्न मिळाल्यावर त्या पोरीने जे शोधून आणलं ते माझ्या स्वप्नातही नव्हतं. ‘अजून चांगलं कर’ यातून ते कधीच आलं नसतं. ती आजीकडे गेली आणि विचारलं, पूर्वी पाण्यातून काय व्हायचं? आजी म्हणाल्या, ‘नारू.’ आपल्यातल्या पन्नाशी उलटलेल्यांना हा शब्द आठवत असेल. पायातून हळूहळू बाहेर येणारा लांबलचक दोऱ्यासारखा जंत, तो काडीवर गुंडाळत दिवसेंदिवस काढायचा. मग शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी तिला समजावून सांगितलं. नारूची पिल्लं पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक किड्याच्या पोटात असतात. तो किडा डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढा दिसतो. पायऱ्यांच्या विहिरीत रोगी माणूस पाय बुडवून पाणी भरायचा, त्यातून पिल्लं पाण्यात, पाण्यातून किड्यात आणि ते पाणी प्यायलं की माणसात. नारूचे जंत फडक्यात अडकत नसतील, पण त्यांना पोटात घेऊन फिरणारा किडा अडकतो. देशातून नारू घालवायची जी मोहीम झाली तिच्यात पायऱ्यांच्या विहिरी बदलणं, पाण्यात औषध टाकणं यांच्या बरोबरीने पाणी कापडाने गाळून पिणं हा मोठा उपाय होता. 1996 नंतर आपल्याकडे नारूचा रोगी सापडला नाही आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं मान्य केलं.

हे झालं जोडीचं काम. चौथ्या मुद्द्यालाही तिथूनच आधार मिळाला. बाईंनीच तिला बांगलादेशातल्या मतलब भागातल्या कामाची माहिती दिली. रीटा कोलवेल या संशोधक बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या खेड्यांतल्या बायकांना जुन्या साडीच्या चार किंवा जास्त घड्या घागरीच्या तोंडावर धरून पाणी गाळायला सांगितलं. कॉलऱ्याचा जंतू एकटा असेल तर कापडातून सहज जातो, पण नदी-तळ्याच्या पाण्यात तो बऱ्याचदा अशाच बारीक किड्यांना चिकटून असतो, आणि किडा अडकला की तोही अडकतो. 2003 साली त्यांनी प्रसिद्ध केलं की गाळणाऱ्या गावांत कॉलरा जवळजवळ निम्म्यावर आला. आणि यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, नवी साडी तितकी उपयोगी नाही, जुनीच हवी. धुऊन धुऊन तिचा धागा पिंजला जातो, मऊ होतो आणि विणीतली छिद्रं बारीक होतात. आमच्या सासूबाई फडक्यासाठी नेहमी जुनं सुती लुगडंच का फाडायच्या, ते मला लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर कळलं.

मग चौथा मुद्दा असा झाला. नारू गाळल्याने अडतो. कॉलरा निम्मा होतो, संपत नाही. टायफॉइड आणि काविळीला गाळणं पुरत नाही, तिथे उकळायलाच हवं. तीन वाक्यं, तिन्ही खरी. थेंबातल्या हजारो जीवांपेक्षा ही मला कितीतरी भारी वाटली.

तिसऱ्या फेरीत आम्ही घड्याळ लावलं. मराठीत शांतपणे बोललं तर मिनिटाला साधारण शंभर-एकशेदहा शब्द होतात, म्हणजे पाच मिनिटांना साडेपाचशेच्या आत. आमचे झाले होते पाच मिनिटं चाळीस सेकंद. मी म्हटलं, ‘फडकं उलटं करून धुवायचं ते वाक्य काढ, तेवढ्यात वेळ बसेल.’ तर ती म्हणाली, ‘नाही काकू. तूच म्हणालीस दोनमधला शब्दही बदलू नकोस, कारण ते मी पाहिलेलं आहे. तेच काढलं तर विहिरीचं ते विहिरीला कुठून येणार? त्यापेक्षा पाच काढते. यंत्रांबद्दल मला काहीच माहीत नाही.’

मी गप्प. तिचं बरोबर होतं, आणि तिने ते माझ्याच कारणाने मला पटवलं. पाचवा मुद्दा गेला, वेळ बसली. पहिल्या दोन वेळा मी ‘अजून चांगलं’ म्हणत होते तेव्हा ती मला नाही म्हणू शकली असती का? कशाला नाही म्हणणार, मी काही म्हटलंच नव्हतं.

आता माझ्या मताला जिथे मर्यादा आहे तेही सांगायला हवं, नाहीतर कुणीतरी उद्या माझ्यावरच हा लेख उगारेल. कधीकधी ‘परत लिही’ हेच योग्य असतं. विषयच चुकीचा कळला असेल, म्हणजे ‘गाळलेलं पाणी’ सांगितलं आणि आलं ‘नद्यांचं प्रदूषण’, तर त्यातला दुसरा मुद्दा ठेव आणि तिसरा काढ करत बसण्यात अर्थ नाही. भिंतच चुकीच्या जागी असेल तर गिलावा कशाला. पण तेव्हाही कुठे चुकलं ते सांगून नव्याने लिहायला सांगावं. ओळखायची खूण सोपी आहे. पेन्सिल घेऊन बसल्यावर ‘ठेव’ म्हणावं असं एकही वाक्य सापडलं नाही तर नव्याने. एक जरी सापडलं तर तिथून पुढे.

दुसरी अडचण मला जास्त छळते. तुकड्या-तुकड्याने दुरुस्त केलेलं भाषण गोधडीसारखं दिसू लागतं, प्रत्येक ठिगळ चांगलं पण रंग जुळत नाहीत. आमच्या भाषणातही नारूचा भाग पुस्तकी मराठीत आला होता, आजीचा भाग घरच्या बोलीत. म्हणून शेवटची फेरी मुद्द्यांची ठेवू नये. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचायला लावावं आणि जिथे तिची जीभ अडखळेल तिथे खूण करावी. ‘प्रादुर्भाव’ला ती दोनदा अडखळली, तिथे ‘साथ’ आली. ही शब्दांची कामं शेवटीच करावीत. मी पूर्वी पहिल्या वाचनातच ऱ्हस्वदीर्घ सुधारत बसायचे, आणि तासभर सुधारलेला परिच्छेद दुसऱ्या दिवशी अख्खाच काढावा लागायचा.

आणि सांगणारी माणसं दोन झाली की काय करायचं, याचं उत्तर मला अजून पूर्ण सापडलेलं नाही. तिच्या बाबांना सुरुवातीला एक संस्कृत सुभाषित हवं होतं. मला ते नको होतं. पोर मध्ये उभी. शेवटी आम्ही दोघांनी तिच्या माघारी बोलून घेतलं आणि एकच कागद तिच्या हाती दिला. सुभाषित आलं नाही, पण तिच्या बाबांच्या सांगण्यावरून शेवट बदलला आणि तो माझ्यापेक्षा त्यांनाच बरा सुचला होता. तुमच्या घरी हे कसं जमवता, मला जरूर कळवा. विशेषतः जिथे सासूबाई, जाऊबाई आणि शिकवणीच्या बाई तिघी तीन गोष्टी सांगतात तिथे.

स्पर्धेत तिचा दुसरा नंबर आला. बक्षिसापेक्षा तिला जास्त आनंद झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. खाली उतरल्यावर एका परीक्षक बाईंनी तिला बोलावून विचारलं, जुनीच साडी का, नवी का नाही? आणि तिला उत्तर येत होतं.

काल संध्याकाळी तिचा धाकटा भाऊ सहलीवरचा निबंध घेऊन आला. मी पोळ्या लाटत होते, हात पिठाचे. तोंडावर आलंच होतं, ‘छान आहे रे, पण अजून...’ तेवढ्यात त्याच्या ताईने शेजारच्या फळीवरची पेन्सिल उचलली, निबंधाच्या समासात एक, दोन, तीन, चार असे आकडे घातले आणि कागद माझ्यासमोर ओट्यावर ठेवला. म्हणाली, ‘पोळ्या झाल्या की सांग.’